नवी किस्त ठरवायच्या आधी: गटाच्या बैठकीची तयारी

आमच्याकडं हप्ता म्हणजे आठवडाबी आणि हप्ता म्हणजे किस्तबी, त्यामुळं बैठकीत नेहमी गोंधळ होतो, म्हणून इथं किस्तच म्हणते. यवतमाळकडच्या आमच्या बचत गटात कापूस वेचणीला जाणाऱ्या बायांसाठी वेगळं कर्ज काढायचं ठरतंय, दर महिन्याला सारखी किस्त नाही तर कामाच्या सीझनप्रमाणं किस्त. त्याच्या आधी काय काय हाती पाहिजे ते लिहून ठेवते.

पहिले म्हणजे प्रत्येकीची बारा महिन्यांची कमाई, आणि ती आठवणीतून नाही. विचारलं तर सगळ्या दिवाळीनंतरचाच आकडा सांगतात, तोच लक्षात राहतो ना. म्हणून महिना-महिना करून बसायचं: जूनमध्ये पेरणी, मग निंदण, पोळ्यापर्यंत कधी काम कधी पाऊस, दिवाळीपासून जानेवारीपर्यंत वेचणी, फेब्रुवारीत हरभरा सोंगणी, आणि एप्रिल-मे जवळजवळ कोरडा. घरात पोरगा तालुक्याला पार्सल डिलिव्हरी करत असेल तर त्याचे पैसे पेट्रोल आणि गाडीची किस्त वजा करूनच धरायचे, ॲपवर दिसतो तो आकडा कमाई नाही. लाडक्या बहिणीचे पैसे हिशोबात धरा, पण त्यांच्या तारखेवर किस्त बांधू नका, ते कधी लवकर येतात कधी उशिरा.

आता आमच्या एका काकूंचा हिशोब मांडून पाहिला तो सांगते. त्यांना जूनमध्ये 12,000 पाहिजे होते. वेचणीत त्या दिवसाला 40 किलो काढतात, 10 रुपये किलोनं 400, आठवड्यात पाच दिवस धरले तर 2,000, महिन्याचे 8,000. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार किस्तीत 12,000 फेडायचे तर पहिली किस्त व्याजासकट 3,240 येते, म्हणजे कमाईतले चाळीस टक्के गेले, खायचं काय? म्हणून कर्ज 8,000 वर आणलं. गटाचं व्याज महिना शेकडा 2, त्यामुळं जुलै ते ऑक्टोबर फक्त व्याज 160 भरायचं, नोव्हेंबरपासून मुद्दल 2,000 आणि उरलेल्या रकमेचं व्याज. एकूण व्याज 1,040 होतं. बारा महिने मुद्दल सारखं फेडलं असतं तरी बरोबर 1,040 च आलं असतं, मीच दोनदा करून पाहिलं! गटाचं काही जात नाही, हे अध्यक्षबाईंना कागदावर दाखवायचं, तोंडी सांगितलं तर पटत नाही.

किस्त तारखेवर ठेवायची नाही, किलोवर ठेवायची. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात येते तेव्हाच किलोमागे 3 रुपये डब्यात, म्हणजे आठवड्याला 600, महिन्याला 2,400, आणि पहिली किस्त 2,160. वरचे उरलेले गटातच तिच्या नावावर राहू द्यायचे, कारण फेब्रुवारीत कापूस संपत आलेला असतो आणि शेवटची 2,040 ची किस्त त्यातूनच सावरते. नोव्हेंबरात अवकाळी आला तर आठवडाभर वेचणी बंद, त्या आठवड्याला किलो नाही तर किस्तबी नाही, दंडही नाही. पण दुसऱ्या बाया कामावर गेल्या आणि एकीचाच डबा सलग तीन बाजार रिकामा राहिला, तर घरी जाऊन विचारायचं, तिथं बहुतेक आजारपण किंवा दुसरं कर्ज निघतं.

दुसऱ्या कर्जाचं तर आधीच विचारायचं. मायक्रोफायनान्स कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घरातल्या सगळ्या कर्जांच्या किस्ती मिळून महिन्याच्या कमाईच्या 50 टक्क्यांवर जाऊ नये. आपल्या गटावर तो नियम नसला तरी आपण तोच लावू, मात्र वर्षाच्या सरासरीवर नाही, सगळ्यात कोरड्या महिन्यावर.

एक मोठी अडचण आहे. हे कर्ज फक्त गटाच्या स्वतःच्या बचतीतून द्यायचं, बँकेनं दिलेल्या पैशातून नाही. बँक आपल्याकडून महिन्याला किस्त मागते आणि आपलं मुद्दल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणार, त्याआधीचे चार महिने कोण भरणार? त्यामुळं यंदा पाच-सहा जणींपेक्षा जास्त जमणार नाही, आणि ते बैठकीत आधीच सांगून टाकायचं, नाहीतर रुसवेफुगवे.

आणि विमा. सुरक्षा विम्याचे वर्षाला 20 आणि जीवन ज्योतीचे 436 खात्यातून मे अखेरीला कटतात, नेमकं खातं रिकामं असतं तेव्हा. मग पैसे कटत नाहीत, विमा बंद पडतो आणि घरच्यांना वाटतं चालू आहे. म्हणून जानेवारीतच 456 रुपये वेगळे काढून ठेवायचे, मेच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात टाकायचे आणि जूनमध्ये पासबुक छापून पैसे कटले का ते पाहायचं. जीवन ज्योती पन्नाशीपर्यंतच घेता येतो, काकूंचं वय आधारवर बघून घ्यायचं राहिलंय.