बेदाण्याचं वर्णन छाटताना या चुका टाळा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातले शेडवाले आता अडत्याच्या भरवशावर न राहता अर्धा-एक किलोची पाकिटं करून ऑनलाइनही विकू लागले आहेत. माल चांगला असतो, पण त्याखालचं वर्णन बहुतेक वेळा असं असतं:

«तासगावचा सुप्रसिद्ध, अस्सल आणि उत्कृष्ट बेदाणा आता थेट तुमच्या दारात! आमचा बेदाणा म्हणजे दर्जेदार बेदाणा. सांगली जिल्ह्याच्या मातीत पिकलेल्या उत्तम द्राक्षांपासून बनवलेला बेदाण्यांचा राजा. किसमिस म्हणा, मनुका म्हणा, चव तीच! १०० टक्के नैसर्गिक हिरवा बेदाणा. शिरा, खीर, लाडू, पुलाव यांसाठी सर्वोत्तम. रक्त वाढवणारा, शक्ती देणारा आरोग्यदायी बेदाणा. उत्तम दर्जा, उत्तम चव, उत्तम पॅकिंग. यंदाचा ताजा माल. आजच मागवा!»

बेदाणा सहा वेळा, उत्तम चार वेळा, वर सर्वोत्तम वेगळाच. एवढं सगळं वाचूनही पाकीट किती ग्रॅमचं, बी आहे की नाही आणि ‘यंदाचा’ म्हणजे कोणत्या वर्षाचा, ते कळत नाही. हा मजकूर छाटायला हवा यावर कुणाचं दुमत होणार नाही. घोळ होतो तो छाटताना.

चूक पहिली: थेट कात्री लावणं

वर्णन फुगलेलं दिसलं की माणूस आधी विशेषणं उडवतो आणि मग जी वाक्यं पोकळ वाटतात ती. «किसमिस म्हणा, मनुका म्हणा, चव तीच» हे वाक्य पोकळच आहे. पण पानावर किसमिस हा शब्द फक्त तिथेच होता. वाक्य गेलं की पुण्या-मुंबईत ‘हिरवी किसमिस’ शोधणारं गिऱ्हाईकही गेलं.

म्हणून आधी शोधशब्दांची यादी वेगळ्या कागदावर काढा. हे शब्द मनानेच ठरवू नका. गूगल सर्च कन्सोल जोडलेलं असेल तर लोक नेमकं काय टाइप करून तुमच्या पानापर्यंत आले ते त्यात दिसतं. ते नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले जुने मेसेज चाळा. गिऱ्हाईक ‘सुप्रसिद्ध अस्सल बेदाणा आहे का’ असं कधीच विचारत नाही. ते विचारतं, ‘हिरवा बेदाणा अर्धा किलो केवढ्याला?’, ‘बिनबियांचा आहे ना?’ यादीत जाणारे शब्द असे असतात. आपल्या उदाहरणात यादी होते ती एवढीच: बेदाणा, हिरवा बेदाणा, किसमिस, मनुका, तासगाव, सांगली, बी नाही, ५०० ग्रॅम आणि शिरा, खीर, लाडू, पुलाव.

यातला मनुका जपून वापरायचा. बऱ्याच घरांत काळ्या, बी असलेल्या सुक्या द्राक्षांनाच मनुका म्हणतात. हिरव्या बेदाण्याला सरळ मनुका म्हणालात तर पाकीट परत येईल. शब्द ठेवायचा, पण खरा ठरेल अशा वाक्यात.

चूक दुसरी: शब्द ठेवला, पण रूप बदलून

ही चूक मराठीत लिहिणाऱ्यांकडून जास्त होते. विभक्ती लागली की नाम आतून बदलतं. ‘बेदाण्याचा’, ‘बेदाण्यांचा’ यांत ‘बेदाणा’ ही अक्षरं सलग येतच नाहीत. गूगलसारखी मोठी शोधयंत्रं अशी रूपं पुष्कळदा जुळवून घेतात. पण दुकानाच्या पानावरचा छोटा शोधचौकोन एवढा हुशार नसतो. वर्डप्रेसचा मूळ शोध टाइप केलेली अक्षरं मजकुरात आहेत का एवढंच पाहतो. छाटलेल्या मजकुरात फक्त «उत्तम प्रतीच्या बेदाण्याचे पाकीट» उरलं असेल, तर ‘बेदाणा’ शोधणाऱ्याला तुमचा माल दिसणार नाही.

हळदवाल्यांचं नशीब बरं, कारण ‘हळदीची’ मध्ये ‘हळद’ शाबूत राहते. बेदाणा, मसाला, काजू-बदामाचा शिरा विकणाऱ्यांना मात्र काळजी घ्यावी लागते.

उपाय सोपा आहे. महत्त्वाचा शब्द नावात, किंवा वाक्याचा कर्ता म्हणून, मूळ रूपात एकदा तरी यावा. यादी करताना ‘शिऱ्यासाठी, खिरीसाठी’ असं लिहू नका, ‘शिरा, खीर, लाडू, पुलाव यांसाठी’ असं लिहा. मग सगळे शब्द मूळ रूपात राहतात. जुन्या मजकुरात नेमकी हीच एक गोष्ट बरोबर होती! तपासायचं असेल तर पान उघडा, Ctrl+F दाबा आणि यादीतला एकेक शब्द टाइप करून पाहा.

रोमन लिपीत शोधणारेही खूप असतात. त्यांच्यासाठी मजकुरात खिचडी करण्याची गरज नाही. पानाचा पत्ता आणि फोटोचं नाव यात ते शब्द सहज बसतात:

```
/tasgaon-hirava-bedana-kismis-500g
```

चूक तिसरी: उरलेले शब्द शेवटी ओतणं

मजकूर छाटून झाला आणि खाली ‘बेदाणा, बेदाणे, किसमिस, मनुका, सांगली बेदाणा, तासगाव बेदाणा…’ अशी रांग लावली की केलेली मेहनत पाण्यात. अशी शब्दांची भरती गूगलच्या नियमांत स्पॅम धरली जाते. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवली तरी तेच. कीवर्डचा मेटा टॅग भरण्यातही वेळ घालवू नका, गूगल तो क्रमवारीसाठी पाहत नाही. शब्दाला टेकायला एखादी खरी माहिती नसेल, तर तो शब्द त्या पानाचा नाहीच.

चूक चौथी: स्तुती ठेवून माहिती कापणं

डिपिंग ऑइल, गंधकाची धुरी हे ‘गिऱ्हाइकाला काय कळतंय’ म्हणून काढतात आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’ तसंच ठेवतात. माझ्या मते व्हायला हवं ते अगदी उलट. धुरी दिलेल्या मालात सल्फाइट असतं, काही दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर लेबलवर ते सांगावंच लागतं. ‘रक्त वाढवणारा’ हा दावा सिद्ध करता येणार नसेल तर काढा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तरच जीआय लिहा.

आता छाटलेलं वर्णन:

«तासगावचा हिरवा बेदाणा (किसमिस), ५०० ग्रॅम
थॉम्पसन सीडलेस द्राक्षांपासून केलेला लांबट हिरवा बेदाणा, बी नाही. तासगाव, जि. सांगली इथल्या शेडमध्ये रॅकवर, सावलीत वाळवलेला. हंगाम मार्च २०२५. डिपिंग ऑइल वापरले आहे. रंग टिकवण्यासाठी गंधकाची धुरी दिली आहे, त्यामुळे सल्फाइट असते. वरून साखर किंवा रंग घातलेला नाही. शिरा, खीर, लाडू, पुलाव यांसाठी. काळा मनुका भिजवून खातात तसा हाही भिजवून खाता येतो. हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा.»

हे वर्णन जुन्यापेक्षा आखूड नाही, थोडं लांबच आहे, आणि आखूड असण्याची गरजही नाही. यादीतला प्रत्येक शब्द यात आहे आणि बहुतेक एकेकदाच. तुमच्या मालाला धुरी दिली नसेल तर ते वाक्य अर्थातच काढा.

बदलल्यावर काही बिघडलं तर

पान गूगलकडून पुन्हा वाचलं जायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, तोवर रोज शब्द बदलत बसू नका. महिन्याभराने सर्च कन्सोलमध्ये आधीचा आणि नंतरचा काळ शेजारी ठेवून पाहा. फक्त एखाद्याच शब्दावरून येणारे लोक कमी झाले असतील, तर तो शब्द छाटताना पडला आहे. त्याला बसेल असं एक खरं वाक्य घाला. सगळ्याच शब्दांवर घट असेल तर आधी कॅलेंडर पाहा, सणासुदीनंतर मागणी उतरतेच. मग पानाचा पत्ता बदलला का ते तपासा. जुना पत्ता नव्याकडे वळवला नसेल तर दोष वर्णनाचा नाही.

आणि ‘बी आहे का?’ असे फोन अजूनही येत असतील, तर उत्तर मजकुरात आहे पण खाली गेलंय. मोबाइलवर ‘अधिक वाचा’च्या आत जाईल त्या आधी, नावालगतच्या पहिल्या ओळीत ते आणा.