टोमॅटो सॉस आणि पिझ्झासोबत रेड वाईन कशी जमवायची (आणि सॉसमधली साखर आधी का काढायची)

"इटालियन जेवण आहे ना, मग कुठलीही रेड चालेल" हा सल्ला ज्याने कोणी पहिल्यांदा दिला त्याने टोमॅटो चाखला नसावा. टोमॅटो आंबट असतो, आणि वाईनचा एक साधा नियम आहे, की वाईन ताटातल्या पदार्थाइतकी तरी आंबट हवी. ती कमी पडली तर मिळमिळीत लागते, पाणी घातल्यासारखी. ऑस्ट्रेलियन शिराझ किंवा चिलीचं मर्लो घेऊन लोक पिझ्झा खातात आणि मग म्हणतात वाईनमध्ये काही दम नव्हता. वाईन ठीकच होती हो, टोमॅटोसमोर तिचं काही चाललं नाही एवढंच.

म्हणून सांजोवेझे. टस्कनीचं हे द्राक्ष उशिरा पिकतं आणि पूर्ण पिकलं तरी आंबटपणा सोडत नाही. वास आंबट चेरीचा, थोडा सुकलेल्या औषधी पानांचा, म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो ज्या वाटेने जातात त्याच वाटेचा. टॅनिन, म्हणजे जीभ आणि हिरड्या कोरड्या पाडणारा तुरटपणा, मध्यम. नेब्बिओलो हे वायव्येकडच्या पिएमोंतेचं द्राक्ष, आंबटपणात तेवढंच तगडं पण टॅनिनमध्ये दुप्पट जोरकस, आणि रंग बघाल तर फिकट, त्यामुळे ग्लासात पाहून हलकी वाईन समजून लोक फसतात.

जाता जाता एक. "जिथे टोमॅटो तिथेच ही द्राक्षं, शेकडो वर्षांची जोडी" वगैरे वाचाल ते सोडून द्या. टोमॅटो अमेरिकेतून इटलीत आला १६व्या शतकात, आणि ताटात रुळायला त्याला पुढे बराच वेळ लागला. पिएमोंतेत तर आजही लोणी, अंड्याचा बलक आणि मांस यांचंच राज्य आहे. पिझ्झा नेपल्सचा, तिथले लोक त्याच्यासोबत बिअर पितात नाहीतर ग्रान्यानो नावाची फेसाळ लाल वाईन. सांजोवेझे टोमॅटोला जमते ती आंबटपणामुळे, इतिहासामुळे नाही.

बाटली निवडणे

पिझ्झासाठी तरुण आणि साधी बाटली घ्या. किआंती चालेल (त्यात किमान ७० टक्के सांजोवेझे असते), किआंती क्लासिको जास्त बरी (किमान ८० टक्के, बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा असतो तो बघा). रिझेर्वा लिहिलेली पिझ्झ्यासाठी नको, ती जास्त काळ मुरवलेली, बहुतेक वेळा लाकडात, आणि ओकची व्हॅनिला टोमॅटोवर विचित्र लागते. ब्रुनेल्लो दी मोंतालचीनो शंभर टक्के सांजोवेझे असते पण ती मंगळवारच्या पिझ्झ्यावर उघडायची वस्तू नाही. आणि मोंतेपुल्चियानोचा घोळ लक्षात ठेवा: मोंतेपुल्चियानो द'आब्रुत्सो हे वेगळं द्राक्ष आहे, आणि वीनो नोबिले दी मोंतेपुल्चियानो ही त्या नावाच्या गावची सांजोवेझे. दोन्ही पिझ्झासोबत चालतात, पण दुकानदार दोन्ही एकच सांगतो.

आपल्याकडे अकलूजला फ्रातेल्ली ही वाईनरी सांजोवेझे पिकवते आणि ती पुण्यामुंबईत सहज मिळते. इथे द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडतात, तोवर दिवस तापायला लागलेले असतात आणि उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल लवकर जळतं, त्यामुळे इथल्या सांजोवेझेकडून टस्कनीची धार अपेक्षित धरू नका. ती थोडी मऊ आणि फळाळ असते. चीज जास्त आणि सॉस कमी अशा पिझ्झ्याला मस्त, नुसत्या लसूण-टोमॅटो पास्त्याला किंचित कमी पडते.

खरेदी करताना बाटली उभी, उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेली असेल तर सोडा. बूच वर आलेलं दिसलं तर ती तापलेली आहे, फुकट दिली तरी नको.

सॉस: सगळं इथेच बिघडतं

आता खरा मुद्दा. तुम्ही महाग किआंती आणाल, ग्लास चांगला आणाल, आणि तरी वाईन आंबट-कडू लागेल, कारण सॉसमध्ये साखर आहे. मलाही हे बराच काळ कळत नव्हतं, दर वेळी बाटलीवर संशय. आपल्याकडचे संकरित टोमॅटो पातळ आणि उग्र आंबट असतात म्हणून प्रत्येक रेसिपी म्हणते "चिमूटभर साखर घाला", चिमूट होता होता दोन चमचे होते, वरून केचप. सुपरमार्केटच्या पिझ्झा सॉसच्या बाटलीवरचे घटक वाचा, साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर दिसेल.

होतं काय, की पदार्थात गोडी असली की वाईनमधली फळाची गोडी जिभेला जाणवेनाशी होते आणि उरतं ते आम्ल, कडवटपणा आणि अल्कोहोलची जळजळ. लग्नाच्या पंगतीत जिलेबीनंतर मठ्ठ्याचा घोट घेऊन बघा, तोच मठ्ठा आधी प्यायलात त्यापेक्षा आंबट लागतो. सांजोवेझे मुळातच आंबट, त्यामुळे तिची वाट सगळ्यात जास्त लागते. म्हणजे ज्या वाईनला टोमॅटो सर्वात जास्त सूट होतो तीच साखरेने सर्वात जास्त बिघडते.

आता उलट बाजू, जी कोणी सांगत नाही. सॉसमधलं आम्ल आणि मीठ वाईनच्या मदतीला येतात. आंबट घास खाल्ल्यावर वाईन कमी आंबट आणि जास्त फळाळ वाटते, मिठाने तुरटपणा दबतो. म्हणून सॉसचा आंबटपणा मारू नका! सोडा घालून तो पूर्ण काढला तर सॉस सपाट होईल आणि वाईन परत टोचायला लागेल. आपल्याला आंबटपणा ठेवायचाय, फक्त त्याची कच्ची धार घालवायचीय.

विश्वास बसत नसेल तर बाटली उघडल्यावर हे करा. तीन वाट्यांत दोन-दोन चमचे सॉस घ्या. एक तसाच, दुसऱ्यात अर्धा छोटा चमचा साखर, तिसऱ्यात थोडंसं जास्त मीठ. एक घास, लगेच वाईनचा घोट, मग पाणी. साखरेच्या वाटीनंतर घोट टोचेल, घशाशी गरम आणि कडू लागेल. मिठाच्या वाटीनंतर तीच वाईन गोल आणि मऊ लागेल. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण हे स्वतःच्या जिभेवर एकदा झालं की कोणाचा सल्ला लागत नाही.

मग गोडी आणायची कशी? टोमॅटोतूनच. पास्त्यासाठी एक किलो लांबट, पूर्ण लाल टोमॅटो घ्या (गोल, कडक, फिकट आहेत ते नकोत), साल काढून चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या मंद आचेवर, लसूण पिवळी व्हायच्या आधी टोमॅटो, एक छोटा चमचा मीठ. झाकण न ठेवता चाळीसेक मिनिटं, साधारण निम्मं होईपर्यंत. कधी झालं ते कसं ओळखायचं: चमच्याने तळ ओढलात तर मागे रेघ दोन क्षण राहते आणि कडेला तेल सुटून लाल दिसतं. त्याआधी चाखलं तर आंबट लागेलच, घाबरून साखरेचा डबा काढू नका. तरीही उग्र वाटलं तर अर्धा कांदा न चिरता तसाच टाकून उकळवा आणि शेवटी काढून टाका, नाहीतर वीसेक ग्रॅम लोणी घाला, स्निग्धता धार बोथट करते आणि सॉस गोड होत नाही. खाण्याचा सोडा अगदी शेवटचा उपाय, किलोला दोन चिमटी, फेस बसेपर्यंत थांबा आणि चाखा.

पिझ्झ्यासाठी तर शिजवूच नका. इटालियन डब्यातले सोललेले टोमॅटो हाताने कुस्करा, मीठ घाला, संपलं. ओव्हनमध्ये शिजतोच तो.

चिली फ्लेक्सबद्दल भांडण होतं माझ्या घरी. तिखट आणि टॅनिन-अल्कोहोल एकत्र आले की तोंड पेटतं. सांजोवेझेसोबत थोडं चालतं, नेब्बिओलोसोबत अजिबात नाही.

नेब्बिओलो कधी

नुसत्या टोमॅटो-लसूण पास्त्यावर नेब्बिओलो देऊ नका, कितीही लोकांनी सांगितलं तरी. टोमॅटोत, विशेषतः आटलेल्या टोमॅटोत, उमामी, म्हणजे मांसाच्या रश्शासारखी भरदार चव, भरपूर असतो आणि उमामी तुरटपणा वाढवतो, त्यात नेब्बिओलोचं टॅनिन म्हणजे हिरड्या कोरड्याठाक. तिला प्रोटीन आणि चरबी लागते, टॅनिन त्यांना जाऊन चिकटतं आणि जिभेला सोडतं. मटणाचा किंवा पोर्कचा तीन तास शिजवलेला रागू, ज्यात टोमॅटो साइड रोलमध्ये आहे, तिथे ती बहरते. पिझ्झ्यात सॉसेज किंवा मशरूम आणि भरपूर चीज असेल तर तिथेही. शाकाहारी असाल तर मशरूम, लोणी आणि जुनं, खारट परमेजान, ते मीठ इथे कामाला येतं.

बाटली लांघे नेब्बिओलो घ्या. बारोलोही नेब्बिओलोचीच, पण ती नको. बारोलो किमान ३८ महिने मुरवून मगच बाजारात येते आणि तरीही तरुण असताना कडक असते, तिची किंमत पिझ्झ्यावर वसूल होत नाही.

देताना

"रेड रूम टेंपरेचरला द्या" हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी होतं, पुण्यात एप्रिलमध्ये रूम टेंपरेचर ३४ असतं. सांजोवेझे १६ अंशाच्या आसपास हवी, म्हणजे खोलीतून उचललेली बाटली फ्रीजमध्ये दोनेक तास. नेब्बिओलो किंचित कमी थंड, १८ पर्यंत, कारण फार गार केली की टॅनिन आणखी कडक लागतं. नेब्बिओलो तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा, सांजोवेझेला गरज नाही.

उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस टिकते. सॉसमध्ये ओतायची असेल तर लसणावर, टोमॅटोच्या आधी ओता आणि आटू द्या. शेवटी ओतली तर कच्च्या अल्कोहोलचा वास सॉसमध्ये बसतो आणि पास्ता फुकट जातो.