बँकेला द्यायचं दोन ओळींचं पत्र आणि त्यातली स्थापनेची तारीख

कंपनी सेक्रेटरीच्या ट्रेनिंगला बसलेल्या प्रत्येकाकडे हे काम लवकरच येतं. बँकेचा मेल येतो की केवायसी अद्ययावत करायचं आहे, तेव्हा कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आणि स्थापनेची तारीख लेटरहेडवर कन्फर्म करून पाठवा. सीएस मॅडम तो मेल तुमच्याकडे फॉरवर्ड करतात आणि म्हणतात, "ड्राफ्ट करून आण." केवायसी काय, आरओसी काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहिते. पत्र दोन ओळींचं असतं. मोठमोठ्या ठरावांच्या मसुद्यांनी मला दिला नाही इतका त्रास या दोन ओळींनी दिला, आणि तो मुख्यतः एका तारखेवरून होता.

पत्त्याकडे नंतर येते, आधी तारीख. कंपनीच्या फाइलीत 'सर्टिफिकेट ऑफ इन्कॉर्पोरेशन' असं शीर्षक असलेले कागद एकाहून जास्त असू शकतात. कंपनीने नाव बदललं की निबंधक नवं प्रमाणपत्र देतो. खासगी कंपनीची पब्लिक झाली की पुन्हा नवं देतो. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात नेलं तरी नवं मिळतं. या सगळ्यांच्या शीर्षकात 'इन्कॉर्पोरेशन' हा शब्द असतो आणि खाली ते प्रमाणपत्र दिल्याची तारीख असते. काहींवर कंपनी मुळात कधी स्थापन झाली तेही छापलेलं असतं, काहींवर फक्त मूळ नाव असतं, मूळ तारीख नसतेच. फाइल उघडली की सर्वांत वरती सर्वांत नवा कागद असतो. घाईतला माणूस तीच तारीख उचलतो.

मला आलेली फाइल अशीच होती. पुण्यातली कंपनी, २००४ च्या ऑगस्टमध्ये खासगी म्हणून स्थापन झालेली, २०१७ च्या मार्चमध्ये पब्लिक झालेली. नावातून 'प्रायव्हेट' गेलं आणि नवं प्रमाणपत्र आलं. माझ्या आधी कुणीतरी बँकेला पत्र दिलं होतं, त्यात स्थापनेची तारीख २१ मार्च २०१७ लिहिलेली होती, आणि बँकेने ती जशीच्या तशी आपल्या सिस्टिममध्ये भरली होती. मी मूळ प्रमाणपत्र काढून ९ ऑगस्ट २००४ लिहिलं. पत्र परत आलं. शाखेतून फोन आला, "मॅडम, तुमची तारीख आमच्याकडच्या रेकॉर्डशी जुळत नाही. मागच्या वेळची लिहून द्या ना, लगेच क्लिअर करतो."

ही तडजोड करू नका. अगदी स्पष्ट सांगते, कितीही घाई असली आणि कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची फाइल त्यावाचून अडली असली तरी नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ९ प्रमाणे कंपनीला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व मिळतं ते स्थापनेच्या प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून. नंतर नाव बदललं, प्रकार बदलला, राज्य बदललं, तरी कंपनी तीच राहते. रूपांतराने आधीची देणी आणि करार बाधित होत नाहीत, हे कलम १८ मध्ये लिहिलेलंच आहे. आता विचार करा, २०१७ ही स्थापनेची तारीख धरली तर २००९ साली याच कंपनीने याच बँकेकडून घेतलेलं कर्ज कुणी घेतलं होतं? कंपनीच्या पॅन कार्डावरही स्थापनेची तारीख छापलेली असते. बँकेकडे पॅन आधीपासून असतो. म्हणजे चुकीची तारीख पुन्हा लिहून दिली, तर बँकेच्याच फाइलीत दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलत राहतात.

खरी तारीख ओळखायची कशी? मी तीन ठिकाणी बघते. पहिलं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे फाइलीतलं सर्वांत जुनं. दुसरं एमसीएच्या संकेतस्थळावरचा कंपनीचा मास्टर डेटा, त्यात स्थापनेची तारीख वेगळ्या रकान्यात दिसते. तिसरं सीआयएन. तो २१ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात वर्ष दडलेलं असतं. उद्योगाचे आणि नोंदणीचे अंक शून्य ठेवून आमच्या उदाहरणातला सीआयएन असा दिसेल:

```
U00000PN2004PTC000000   (२०१७ पूर्वी)
U00000PN2004PLC000000   (२०१७ नंतर)
```

पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे की नाही ते सांगतं. PN म्हणजे पुण्याच्या निबंधकांकडची नोंदणी. मुंबईकडच्या कंपनीला तिथे MH दिसेल. रूपांतरानंतर PTC चं PLC झालं, पण २००४ हलला नाही. तुमच्या मसुद्यातलं वर्ष आणि सीआयएनमधलं वर्ष जुळत नसेल, तर तुम्ही चुकीचा कागद हातात धरला आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवली नाही, याचं अजून वाईट वाटतं. सीआयएन फक्त वर्ष सांगतो, दिवस आणि महिना सांगत नाही, हेही लक्षात असू द्या. मूळ प्रमाणपत्र सापडतच नसेल तर कलम ३९९ खाली निबंधकांकडून प्रमाणित प्रत मागवता येते. मूळ प्रमाणपत्र आणि मास्टर डेटा यांच्यातच फरक निघाला, तर मात्र स्वतः निर्णय घेऊ नका. तो कागद घेऊन मॅडमसमोर उभे राहा.

आणखी दोन तारखा याच रकान्यात घुसतात. बँकेच्या फॉर्मवर बऱ्याचदा स्थापनेच्या शेजारीच 'व्यवसाय सुरू केल्याची तारीख' असा रकाना असतो. ती वेगळी गोष्ट आहे. २ नोव्हेंबर २०१८ नंतर स्थापन झालेल्या, भागभांडवल असलेल्या कंपनीला व्यवसाय सुरू करण्याआधी आयएनसी-२०ए भरावा लागतो. आणि जुन्या भागीदारी पेढीची कंपनी झाली असेल तर मालक अभिमानाने 'स्थापना १९८८' सांगतात, गेटवरच्या पाटीवरही तेच असतं. पेढीचं वय कंपनीला लागत नाही, कंपनीच्या प्रमाणपत्रावरची तारीखच लिहायची.

बँकेच्या त्या फोनवर उपाय निघाला तो मॅडमनी सुचवलेल्या एका वाक्यामुळे. त्या म्हणाल्या, "भांडू नकोस. त्यांच्या रेकॉर्डमधली तारीख कुठून आली ते त्यांना लिहून दे, म्हणजे ती बदलायला त्यांच्याकडे कागद होईल." समोरच्या अधिकाऱ्याला आपण बरोबर आहोत हे पटलेलं असतं, पण सिस्टिममधली नोंद बदलायला त्याला आधार हवा असतो. पत्र अर्थातच इंग्रजीत गेलं, पण त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

"आपल्या मेलच्या संदर्भात कळवतो की कंपनीची स्थापना ९ ऑगस्ट २००४ रोजी झाली असून आजच्या तारखेला तिचं नोंदणीकृत कार्यालय खाली दिलेल्या पत्त्यावर आहे. आपल्या नोंदीत असलेली २१ मार्च २०१७ ही तारीख खासगी कंपनीचं पब्लिक कंपनीत रूपांतर झाल्यावर मिळालेल्या प्रमाणपत्राची आहे, स्थापनेची नाही. दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती आणि मास्टर डेटाची प्रत सोबत जोडली आहे."

एवढंच. यानंतर नोंद दुरुस्त झाली. महिना अक्षरात लिहिलाय ते बघा. ०९/०८/२००४ लिहिलं तर कुणीतरी सप्टेंबरची आठ तारीख वाचणारच.

जुनं पत्र शोधून, तारीख बदलून पुढे पाठवण्याच्या सवयीबद्दल माझं मत कठोर आहे. ट्रेनींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तयार फॉरमॅट फिरतात, ते भाषेसाठी वापरा, हरकत नाही. पण तथ्य मागच्या पत्रातून घ्यायचं नाही, मूळ कागदातूनच घ्यायचं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे कमी जोखमीच्या ग्राहकाचं केवायसी दहा वर्षांतून एकदा अद्ययावत केलं तरी चालतं, मध्यम जोखमीचं आठ वर्षांतून आणि जास्त जोखमीचं दोन वर्षांतून. म्हणजे एकदा गेलेली चूक दहा वर्षं कुणी न बघता तशीच पडून राहू शकते. आणि गुरू निवडायची संधी मिळाली तर एवढंच बघा: सही करण्याआधी "आधाराचा कागद दाखव" असं जो म्हणतो, त्याच्याकडे शिका. न वाचता सही करणारा सीनियर सोयीचा वाटतो, पण त्याच्याकडे तुम्ही काहीच शिकत नाही.

आता पत्ता. घाबरू नका, इथे सापळे कमी आहेत. मास्टर डेटात जसा आहे तसा, फ्लॅट क्रमांक आणि पिनकोडसह लिहायचा. कॉर्पोरेट ऑफिसचा किंवा कारखान्याचा पत्ता तिथे टाकायचा नाही. नोंदणीकृत कार्यालय आणि व्यवसायाचं मुख्य ठिकाण वेगळं असेल तर बँकेला दोन्ही हवे असतात, मग दोन्ही वेगवेगळ्या शीर्षकांखाली द्या. लेटरहेडवरचा पत्ताही जुळवून बघा. कलम १२ प्रमाणे लेटरहेडवर नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन लागतोच, आणि नाव दोन वर्षांच्या आत बदललं असेल तर जुनं नावही लागतं. वरती एक पत्ता आणि मजकुरात दुसरा, असं पत्र बँक हमखास परत करते.

अडचण येते ती कार्यालय नुकतंच हललं असेल तेव्हा. त्याच शहरात हलवायला बोर्डाचा ठराव पुरतो, आणि आयएनसी-२२ तीस दिवसांत भरायचा असतो. या मधल्या काळात मास्टर डेटात जुनाच पत्ता दिसतो. तेव्हा नवा पत्ता, तो कोणत्या तारखेपासून, आणि फॉर्म भरला असेल तर त्याचा एसआरएन, हे तिन्ही लिहा. फॉर्म भरलाच नसेल तर आधी तो भरून घ्या. शहराबाहेर जायचं असेल तर विशेष ठराव लागतो, आणि मुंबईच्या निबंधकांकडून पुण्याच्या निबंधकांकडे जायचं असेल तर प्रादेशिक संचालकांची मंजुरीही लागते. ती येईपर्यंत नोंदणीकृत पत्ता जुनाच, सगळं सामान नव्या जागेत गेलं असलं तरी.

सही ट्रेनीने करायची नाही, "फॉर" लिहूनही नाही. कलम २१ प्रमाणे ती मुख्य व्यवस्थापकीय अधिकाऱ्याची किंवा बोर्डाने अधिकार दिलेल्या व्यक्तीची असते. सेक्रेटरीच्या सहीखाली सदस्य क्रमांक लिहा. बँकेने स्वतःच्या नमुन्यात "यापुढे कोणताही बदल होणार नाही" किंवा लाभार्थी मालकीबद्दल एखादं वाक्य घातलं असेल तर ते मॅडमना दाखवून काढून टाका. विचारलंय तेवढ्याच दोन गोष्टींचं उत्तर द्या, आणि सही झालेल्या पत्राची प्रत मूळ प्रमाणपत्राच्या मागे लावून ठेवा, म्हणजे पुढच्या ट्रेनीला फाइल उघडल्यावर आधी २००४ चा कागद दिसेल.