फ्रेंच मित्रांना चवथ कशी सांगावी: माटोळी आणि पातोळी

दोन-तीन मिनिटांच्या फ्रेंच बोलण्यात सगळी चवथ मावत नाही. शिव-पार्वतीच्या कथेने सुरुवात केली तर वेळ नावांतच जातो. म्हणून पाहुण्याला डोळ्यांसमोर दिसते त्यापासून सुरुवात करा आणि एकच पदार्थ नीट सांगा.

पहिले वाक्य साधे: ‘शे नू, आ गोआ, से ला फेत द गानेश.’ म्हणजे आमच्याकडे गोव्यात हा गणपतीचा सण. लगेच वर बोट करून माटोळी दाखवा. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, कांगलां यांची एकेक नावे भाषांतरित करत बसू नका. ‘ओद्स्यु द ला स्तात्यु, ऑं स्युस्पां दे फ्र्वी’, मूर्तीच्या वर फळे टांगतो, एवढे पुरते. इथे एक स्वर मात्र सांभाळा. ‘ओद्स्यु’ म्हणजे वर आणि ‘ओद्सू’ म्हणजे खाली, त्यामुळे उच्चार घसरला की माटोळी मूर्तीखाली जाते. ‘ई’ म्हणत ओठ चंबूसारखे गोल करा, तो ‘यु’ बरोबर येतो.

आता पातोळी. हरतालिकेला ती होतेच, तेव्हा ताट समोर ठेवून करायची रीत क्रमाने सांगा:

१. ‘ऑंनेताल ला पात द री स्युर ला फय.’ वाटलेल्या तांदळाचे पीठ हळदीच्या पानावर पातळ पसरतो. ‘पात’ म्हणजे भिजवलेले पीठ, पण ‘पाते’ म्हटले तर मांसाचा पदार्थ होतो, आणि सणाच्या शाकाहारी ताटाबद्दल भलताच समज होतो.

२. ‘ऑं मे द ला न्वा द कोको ए द्यु स्युक्र द कान नॉं राफिने.’ खोबरे आणि गूळ घालतो. नुसते ‘न्वा’ म्हणू नका, फ्रेंच माणसाला अक्रोड वाटेल. गुळाला नेमका शब्द नाही, म्हणून ‘न शुद्ध केलेली उसाची साखर’ असे सांगायचे. माडाचा गूळ वापरला असेल तर ‘स्युक्र द पाल्म’ म्हणा.

३. ‘ऑं प्ली ला फय, ए ऑं क्वी आ ला व्हापर.’ पान दुमडून वाफवतो. ‘गातो’ हा शब्द टाळा, त्याने भट्टीतला केक डोळ्यांपुढे येतो.

हळदीची पूड फ्रान्समध्ये मिळते, पण पान बहुतेकांनी पाहिलेले नसते. उकडलेली पातोळी उघडून पानाचा वास घ्यायला द्या आणि म्हणा, ‘से ला फय द क्युर्क्युमा. ऑं न मांज पा ला फय.’ हे शेवटचे वाक्य विसरलात तर कुणीतरी पानासकट घास घेतो.

पाहुण्याला ओळखीची खूण हवी असेल तर १५ ऑगस्टचा उल्लेख करा. त्या दिवशी फ्रान्समध्ये ‘लासोंप्स्यों’ची, म्हणजे मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाची, सुट्टी असते, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत त्याच सणाला पातोळ्या करतात. हे ऐकले की प्रश्न सुरू होतात, आणि तुम्हाला पुढचे बोलायला विषय मिळतो.