मानेतून चढणारी डोकेदुखी: माझा अनुभव

दुपारी चारच्या सुमारास कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखू लागे आणि मान वळवताना कवटीच्या खालच्या कडेशी दोन्ही बाजूंना ताठरपणा जाणवे. चष्म्याचा नंबर तपासला, तो बरोबर होता. खरे कारण लॅपटॉपचा खाली असलेला पडदा हे होते, कारण तो पाहताना हनुवटी पुढे सरकत असे आणि डोक्याचा भार मानेच्या मागचे छोटे स्नायू तासन्‌तास पेलत असत.

मी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणली आणि कीबोर्ड वेगळा घेतला. केवळ लॅपटॉप उंच केला असता तर खांदे आखडले असते, ही चूक मी आधी करून बसलो होतो. दर अर्ध्या तासाने उठून, हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरायची, असे दहा वेळा करू लागलो. यात मान खाली झुकवायची नसते, आणि हाताकडे कळ किंवा मुंग्या गेल्या तर थांबायचे असते. तिसऱ्या आठवड्यात फरक जाणवला.

त्याआधी मी जवळजवळ रोज पॅरासिटामॉल घेत होतो. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस अशा गोळ्या घेत राहिल्यास गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, असे डॉक्टरांनी सांगितले. आता ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, तीही आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. ताप व ताठ मान, अचानक उसळलेली तीव्र वेदना किंवा हातापायांत अशक्तपणा असल्यास मात्र तातडीने रुग्णालयात जावे.