मिथेनच्या ज्वलनाचं गणित: पाणी लिक्विड की गॅस, आधी ते बघा

नाशिकला कॉलेज रोडवर मी बारावीच्या मुलांची केमिस्ट्री घेते. थर्मोडायनॅमिक्स सुरू झालं की मिथेन जाळायचं गणित येणारच, बोर्डाला येतं, सीईटीला येतं. यंदा जे नुकतेच बारावीत आलेत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण गणित तसं तीन-चार ओळींचं आहे पण मुलं त्यात ठरलेल्या जागीच अडकतात हे दरवर्षी वह्या तपासताना दिसतं.

गणितात रिअॅक्शन आणि तीन आकडे दिलेले असतात:

CH4(g) + 2O2(g) → CO2(g) + 2H2O(l)

एन्थाल्पी ऑफ फॉर्मेशन मिथेनची −७४.८, कार्बन डायऑक्साइडची −३९३.५ आणि लिक्विड पाण्याची −२८५.८, सगळं किलोज्यूल पर मोलमध्ये. ऑक्सिजनचा आकडा देत नाहीत, कारण O2 हे ऑक्सिजनचं नेहमीचं स्थिर रूपच आहे, ते कशापासून बनवायचा प्रश्नच येत नाही, म्हणून शून्य.

आता फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, प्रॉडक्ट वजा रिअॅक्टंट. पण तो तसा का आहे हे एकदा बघून घ्या म्हणजे चिन्हांची भीती जाते. मी मुलांना आधी फॉर्म्युला न लावता करायला सांगते. समजा आपण मिथेन आधी मोडून टाकला, त्याचा परत ग्रॅफाइट आणि हायड्रोजन केला. बनताना त्यातून ७४.८ बाहेर पडले होते, मग मोडायला तेवढेच द्यावे लागणार. आता त्या कार्बनचा CO2 केला, ३९३.५ बाहेर. हायड्रोजनचं दोन मोल पाणी केलं, दोनदा २८५.८ म्हणजे ५७१.६ बाहेर. एकूण बाहेर आले ९६५.१, आपण दिले ७४.८, हातात राहिले ८९०.३. झालं गणित! प्रत्यक्षात ज्वालेत असं टप्प्याटप्प्याने काही होत नाही, पण एन्थाल्पीला रस्ता कुठला घेतला याच्याशी देणंघेणं नसतं, सुरुवात आणि शेवट तोच असला की फरक तोच येतो, हेसचा नियम म्हणजे हेच.

पेपरात मात्र फॉर्म्युल्यातूनच लिहा, आणि कंस सोडू नका:

ΔH = [−३९३.५ + २(−२८५.८)] − [−७४.८] = −९६५.१ + ७४.८ = −८९०.३ किलोज्यूल

बोर्डाच्या पेपरात एक ओळ वाचवायची म्हणून मुलं कंसच खातात आणि तिथेच घोटाळा होतो. चुकलेल्या उत्तरावरून चूक कुठे झाली ते अगदी बरोबर ओळखता येतं, म्हणून हे आकडे ओळखीचे करून ठेवा. −१०३९.९ आलं तर मिथेनच्या वजा वजाचं अधिक झालं नाही. −६०४.५ आलं तर पाण्याला दोनने गुणायचं राहिलं. आणि ८९०.३ बरोबर आलं पण पुढे वजा नाही, तर वजाबाकी उलटी झाली, रिअॅक्टंट वजा प्रॉडक्ट. मिथेन जळून एन्थाल्पी चेंज प्लस येणं शक्यच नाही, मग शेगडीवर हात शेकायच्या ऐवजी गार पडला असता ना.

चिन्हाबद्दल अजून एक. ΔH विचारलं तर वजासकट लिहायचं, पण 'किती उष्णता बाहेर पडली' असं विचारलं तर ८९०.३ किलोज्यूल, वजा नको, कारण 'बाहेर पडली' या शब्दांत ते आलेलंच आहे. आणि ही उष्णता एक मोल म्हणजे १६ ग्रॅम मिथेनची. ४ ग्रॅम दिलं असेल तर पाव मोल, म्हणून साधारण २२२.६ किलोज्यूल. मोलमध्ये बदलायचं राहिलं तर उत्तर हजारांत जातं, तिथेच शंका यायला हवी.

आता खरी मेख. परवाच दिंडोरीहून येणारी एक मुलगी वही घेऊन आली, "मॅडम, माझं −८०२.३ येतंय, सगळं दोनदा तपासलं." तपासलेलं बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, "अगं पाण्याचा आकडा कुठला घेतलास ते बघ." तिने −२४१.८ घेतला होता, तो वाफेचा. टेबलमध्ये पाण्याच्या दोन ओळी असतात, (l) आणि (g), आणि एक मोल पाण्याची २५ अंशाला वाफ करायला ४४ किलोज्यूल लागतात तेवढाच त्या दोन आकड्यांत फरक आहे. दोन मोल पाणी, म्हणून ८८, आणि ८९०.३ मधून ८८ गेले की ८०२.३. म्हणजे दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या रिअॅक्शनची. म्हणून रिअॅक्शनमध्ये H2O पुढे कंसात काय लिहिलंय ते पेन्सिलने गोल करा आणि मग टेबलकडे जा. सीईटीत दोन्ही उत्तरं ऑप्शनमध्ये दिसू शकतात. काहीच लिहिलं नसेल आणि 'स्टँडर्ड एन्थाल्पी ऑफ कंबश्चन' विचारली असेल तर पाणी लिक्विड धरा, २५ अंशाला आणि १ बारला पाणी लिक्विडच असतं.

हे ८८ किलोज्यूल घरी दिसतात बरं का. सकाळी गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिला थोडा वेळ त्याच्या बाहेरच्या बाजूला, बुडाकडे ओल धरते, थेंब येतात, आपल्याला वाटतं पातेलं गळतंय. ते आतलं पाणी नव्हेच, गॅसमधल्या हायड्रोजनपासून झालेली वाफ गार भांड्यावर लिक्विड होते, आणि होताना ती ४४ पर मोलवाली उष्णता भांड्याला देऊन जाते. पातेलं तापलं की ओल गायब, मग वाफ सरळ हवेत जाते आणि ती उष्णताही तिच्याबरोबरच.

एक हिशोब करून बघा, हा मी वर्गात मुद्दाम करून घेते. डिसेंबरात नळाचं पाणी १५ अंश धरू, आंघोळीला २० लिटर ४५ अंशाला हवंय. २० किलो गुणिले ४.१८ गुणिले ३० म्हणजे साधारण २५०८ किलोज्यूल. पाइप गॅस म्हणजे जवळजवळ मिथेनच. सगळी वाफ लिक्विड झाली असं धरलं तर २५०८ भागिले ८९०.३, २.८२ मोल, ४५ ग्रॅम गॅस. पण साध्या गॅस गिझरमधून वाफ वाफच राहून वर निघून जाते, मग भागायचं ८०२.३ ने, आणि गॅस लागतो ५० ग्रॅम. शिवाय गरम धुराबरोबर आणखी उष्णता जाते ती वेगळीच, म्हणून खरा खर्च ५० च्याही वर. आपल्या गणितात धूर परत २५ अंशाला आलाय असं धरलेलं असतं, गिझरच्या वर हात धरला तर कळतं की तो तसा आलेला नसतो.

हे जमलं की उलटं गणित करा: −८९०.३ दिलंय, मिथेनची एन्थाल्पी ऑफ फॉर्मेशन काढा. तीच ओळ मांडायची, मिथेनच्या जागी x. −८९०.३ = −९६५.१ − x, म्हणून x = −७४.८. मिथेनचा हा आकडा असाच मिळतो, कारण ग्रॅफाइट आणि हायड्रोजन भांड्यात ठेवून नुसता मिथेन बनवणं आणि त्याची उष्णता मोजणं जमत नाही, जाळून मोजणं मात्र कॅलरीमीटरमध्ये नीट जमतं.