या चुका टाळा: बीएमआय काढताना उंची सेंटिमीटरमध्येच राहिली तर

कोल्हापुरात मंगळवार पेठ किंवा शिवाजी पेठेतल्या एखाद्या तालीम मंडळाच्या सभागृहात आरोग्य तपासणी शिबिर भरते, तेव्हा वजनकाटा किलोग्रॅम दाखवतो आणि भिंतीवर लावलेली पट्टी सेंटिमीटर दाखवते. कागदी फॉर्मवर कोणी १६५ लिहितो, कोणी १.६५ लिहितो, तर रांगेतले एखादे काका आपली उंची ‘पाच फूट सहा इंच’ अशी तोंडी सांगतात आणि फॉर्मवर ५.६ अशी नोंद होते. संध्याकाळी हे सगळे फॉर्म एका एक्सेल शीटमध्ये भरले जातात आणि वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र एका झटक्यात खालपर्यंत ओढले जाते. शरीर वस्तुमान निर्देशांकाच्या, म्हणजेच बीएमआयच्या, बहुतेक चुका याच क्षणी होतात आणि त्यांतल्या काही चुका शीटवर नजर टाकून दिसत नाहीत.

बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ६८ किलो वजन आणि १६५ सेंटिमीटर उंची असलेली व्यक्ती घेऊ. उंची १.६५ मीटर, तिचा वर्ग २.७२२५ आणि ६८ ला त्याने भागल्यावर उत्तर येते २४.९८. त्याच व्यक्तीची उंची १६५ अशीच ठेवून भागाकार केला, तर उत्तर ०.००२४९८ येते. अंक तेच आहेत, केवळ दशांश चिन्ह चार घरे डावीकडे सरकले आहे. मीटर आणि सेंटिमीटरमधला फरक शंभर पटींचा असला, तरी सूत्रात उंचीचा वर्ग असल्याने चूक दहा हजार पटींची होते. म्हणूनच आलेल्या उत्तराला १०० ने गुणणे पुरेसे नसते. तसे केल्यास ०.२५ येते आणि दुरुस्ती अर्धवट राहते. दहा हजाराने गुणावे लागते, किंवा त्याहून बरे म्हणजे सूत्रातच उंचीला आधी १०० ने भागून मग वर्ग करावा. वजन B रकान्यात आणि उंची C रकान्यात सेंटिमीटरमध्ये असेल, तर सूत्र असे असावे:

```
=B2/(C2/100)^2
```

यातला कंस महत्त्वाचा आहे. तो गाळून B2/C2/100^2 असे लिहिले, तर उंचीचा वर्ग होतच नाही, वर्ग फक्त शंभराचा होतो. साध्या खिशातल्या कॅल्क्युलेटरवर याचेच दुसरे रूप दिसते. ६८ भागिले १.६५ गुणिले १.६५ असे दाबले की पडद्यावर पुन्हा ६८ येतात, कारण भागून लगेच गुणले आहे. कॅल्क्युलेटरवर दोनदा भागावे: ६८ भागिले १.६५, आणि आलेले उत्तर पुन्हा भागिले १.६५.

आता खरी अडचण पाहू. सर्वच उंची सेंटिमीटरमध्ये भरली असेल आणि सूत्र मीटरचे असेल, तर पूर्ण रकाना ०.०० दाखवतो आणि कोणाच्याही लक्षात येते. धोका मिश्र नोंदींचा असतो. समजा, पन्नास प्रौढांची यादी आहे, सूत्र मीटरसाठी लिहिलेले आहे आणि त्यात तिघांची उंची सेंटिमीटरमध्ये पडली आहे. बाकीच्या सत्तेचाळीस जणांची सरासरी २४ असेल, तर त्या तिघांच्या जवळजवळ शून्य असलेल्या उत्तरांसह पूर्ण यादीची सरासरी २२.५६ येते. हा आकडा इतका स्वाभाविक वाटतो की अहवाल वाचणारा त्याच्यावर क्षणभरही थांबत नाही. उलट बाजूची चूक, म्हणजे सूत्र सेंटिमीटरसाठी आहे आणि तिघांनी १.६५ असे मीटर लिहिले आहे, ही स्वतःच ओरडून सांगते, कारण त्या प्रत्येकाचा बीएमआय जवळपास अडीच लाख येतो आणि सरासरी पंधरा हजारांच्या आसपास जाते.

शांतपणे दडणारी ती पहिली चूक पुढच्या रकान्यात आणखी हानी करते. शीटमध्ये सहसा ‘१८.५ पेक्षा कमी असल्यास कमी वजन’ असे वर्गवारीचे सूत्र असते. ०.००२५ ही संख्या १८.५ पेक्षा कमीच आहे, त्यामुळे शीट कोणतीही तक्रार न करता त्या तिघांपुढे ‘कमी वजन’ असे लिहिते. भारतीय प्रौढांसाठी वापरल्या जाणाऱ्या मर्यादांनुसार २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. म्हणजे ज्या व्यक्तीचा बीएमआय २४.९८ आहे आणि जिला वजन आटोक्यात ठेवण्याचा सल्ला मिळायला हवा, तिच्या हाती वजन वाढवा असा कागद पडू शकतो. सूत्राभोवती IFERROR लावून चुकीच्या जागी शून्य दाखवण्याची सवयही येथेच घातक ठरते. उंचीचा कप्पा रिकामा असेल तर शीट #DIV/0! दाखवते आणि ते दिसणेच योग्य आहे, कारण त्या जागी शून्य आले की रिकामा फॉर्मसुद्धा ‘कमी वजन’ या गटात मोजला जातो.

तपासणीसाठी पुष्कळ जण बीएमआय १५ ते ३५ च्या बाहेर गेला की नोंद संशयास्पद मानतात. माझ्या मते ही कसोटी सोयीची असली तरी चुकीच्या गोष्टीकडे बोट दाखवते आणि कोल्हापुरात तर ती विशेषच फसवी आहे. तालमीत रोज घाम गाळणाऱ्या मल्लाचे वजन स्नायूंमुळे जास्त असते. ९६ किलो वजन आणि १७२ सेंटिमीटर उंची असेल तर बीएमआय ३२.४५ येतो, आणि वजनी गटातल्या अधिक जड मल्लांचा तो ३५ च्याही वर जातो. हा हिशेब पूर्णपणे बरोबर आहे. त्यावरून चरबी किती आहे हे ठरवता येत नाही, ही बीएमआयची मर्यादा आहे, गणिताची चूक नव्हे. अशा नोंदी ‘दुरुस्त’ करायला गेलेला माणूस बरोबर आकडे बिघडवतो.

त्यापेक्षा बीएमआयची तुलना त्याच व्यक्तीच्या वजनाशी करावी. प्रौढांची उंची साधारणपणे १.४१ ते २ मीटर या टप्प्यात असते, त्यामुळे तिचा वर्ग २ ते ४ मध्ये पडतो. म्हणजेच बीएमआय हा वजनाच्या निम्म्याहून जास्त आणि पाव भागाहून कमी असू नये. ६८ किलोच्या व्यक्तीचा बीएमआय १७ आणि ३४ यांच्या मधेच यायला हवा, आणि ९६ किलोच्या मल्लाचा २४ आणि ४८ यांच्या मधे. ३२.४५ या कसोटीत सहज बसतो, तर ०.००२५ कुठेच बसत नाही. वजन कितीही असो, ही कसोटी फक्त उंचीचे एकक पकडते, आणि आपल्याला तेच हवे आहे. बीएमआय D रकान्यात असल्यास पुढच्या रकान्यात असे लिहावे:

```
=IF(AND(D2/B2>=0.25,D2/B2<=0.5),"ठीक","उंची तपासा")
```

ज्या ओळी ‘उंची तपासा’ म्हणतात, त्यांत D2/B2 हे गुणोत्तर किती आहे यावरून चुकीचा प्रकारही ओळखता येतो. ते जवळजवळ शून्य, म्हणजे ०.००००४ च्या आसपास, असेल तर सेंटिमीटर मीटर समजून वापरले गेले आहेत. ०.०३ च्या आसपास असेल तर फूट मीटर समजले गेले आहेत. काही हजारांत असेल तर आधीच मीटरमध्ये असलेली उंची पुन्हा १०० ने भागली गेली आहे.

दुरुस्ती करताना मूळ रकान्यावर हात फिरवू नये, कारण नंतर मूळ काय होते हे कळण्याचा मार्ग उरत नाही. नवा रकाना घ्यावा आणि त्यात फक्त निःसंदिग्ध नोंदीच मीटरमध्ये बदलाव्यात. E रकान्यात असे सूत्र चालते:

```
=IF(AND(C2>=140,C2<=200),C2/100,IF(AND(C2>=1.4,C2<=2),C2,""))
```

वरचे तपासणीचे सूत्र E मध्ये लिहिले असेल, तर ते आधी दुसरीकडे हलवावे. मग बीएमआयचे सूत्र E रकान्यावर चालवावे आणि E रिकामा असेल तर उत्तरही रिकामे ठेवावे:

```
=IF(E2="","",B2/E2^2)
```

‘१६५ सेमी’ असे अक्षरांसह लिहिलेली नोंदही या सूत्रात रिकामी राहते, आणि तसेच व्हायला हवे. खरोखरच १४० सेंटिमीटरहून कमी उंचीची प्रौढ व्यक्ती असू शकते, तिची नोंद फॉर्म पाहून हाताने भरावी.

फुटांच्या नोंदी मात्र सूत्राने बदलण्याचा मोह टाळावा. ५.६ याचा अर्थ पाच फूट सहा इंच असेल तर उंची १६७.६४ सेंटिमीटर होते, पण ५.६ ला सरळ ३०.४८ ने गुणले तर १७०.६९ येते, आणि ६८ किलोला बीएमआय २४.२ ऐवजी २३.३ दिसतो. पाच फूट दहा इंच ही नोंद आणखी वाईट. ५.१० लिहिले की शीट शेवटचे शून्य टाकून ५.१ ठेवते, आणि वाचणारा ते पाच फूट एक इंच समजतो. पहिल्या अर्थाने बीएमआय २१.५ येतो, दुसऱ्या अर्थाने २८.३. दोन्ही उत्तरे वरच्या कसोटीत ‘ठीक’ ठरतात, म्हणून ५.१ पुढे बसून कोणताही हिशेब न करता कागदी फॉर्म काढावा, आणि फॉर्मवरही स्पष्ट नसेल तर त्या व्यक्तीची उंची पुन्हा मोजावी.

याच जातीची आणखी एक चूक कसोटीतून निसटते, ती म्हणजे मीटरमधली उंची एकाच दशांशापर्यंत लिहिणे. १६५ सेंटिमीटरची नोंद कोणी १.६ केली तर ६८ किलोला बीएमआय २६.६ होतो आणि १.७ केली तर २३.५. एक २५ च्या वर आहे, दुसरा खाली. १.६ किंवा १.७ अशा गोलाकार उंची एकाच शीटमध्ये वारंवार दिसू लागल्या, तर भरणाऱ्याने सेंटिमीटर सोडून मनाने मीटर केले आहेत असे समजावे आणि त्या ओळी फॉर्मशी ताडून पाहाव्यात. म्हणूनच पुढच्या शिबिराच्या फॉर्मवर ‘उंची’ एवढेच न छापता ‘उंची (सेंटिमीटर)’ असे छापावे, खाली तीन अंकांसाठी तीन चौकटी द्याव्यात आणि शीटच्या उंचीच्या रकान्यावर डेटा व्हॅलिडेशन लावून १०० ते २२० च्या बाहेरची संख्या स्वीकारलीच जाणार नाही अशी सोय करावी. १.६५ किंवा ५.६ टंकताच शीट थांबते, आणि फॉर्म त्या वेळी टंकणाऱ्याच्या हातातच असतो. अठरा वर्षांखालील मुलांची यादी असेल तर हिशेबाचे सूत्र हेच राहते, परंतु १८.५ आणि २३ या प्रौढांच्या मर्यादा तेथे लावू नयेत. त्यांचा बीएमआय वय आणि लिंगानुसार असलेल्या तक्त्यांवर पाहावा लागतो, आणि लहान मुलांची उंची १४० सेंटिमीटरहून कमी असल्याने वजनाच्या पाव ते निम्म्या भागाची कसोटीही त्यांना लागू पडत नाही.